धागा: संस्थेत सॉफ्टवेअर आलं, आता गटसचिवाचं काम काय उरणार?

किर्दवाला

नमस्कार मंडळी. वय 55, गटसचिव, कळंब तालुक्यात तीन सोसायट्या माझ्याकडं आहेत. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना जून 2022 मध्ये मंजूर झाली, तेव्हा 63 हजार संस्था घेतल्या होत्या. त्यात आमच्याही तिन्ही आल्या. आता कंपनीचा मुलगा येतो, जुनी खाती भरतो. व्याज मशीन काढतं, किर्द आपोआप उतरते, खतावणी आपोआप होते, तेरीज एका बटणावर. आजवर आमचं निम्मं वर्ष याच चार कामांत जात होतं.

निवृत्तीला तीन वर्षं आहेत. प्रश्न सरळ आहे. मी आता नेमकं काय शिकावं, आणि ही चार कामं गेल्यावर सचिव कशाला लागतो? धीर देऊ नका, माहिती द्या.

पारावरचा

व्याज मशीन काढेल हो, पण वसुलीला गेल्यावर मशीनला चहा कोण पाजणार?

नांदेडची_लेक

काका, टॅली शिकून घ्या. तीन महिन्यांचा कोर्स असतो. दाल मिल, जिनिंग, कुठंही हिशेबनीस लागतो.

किर्दवाला

ताई, मला नोकरी बदलायची नाही. याच नोकरीत काय उरतंय ते विचारतोय.

डेटावाला_पोऱ्या

मी याच कामावर आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. सर, उगाच घाबरू नका, पण खोटंही सांगत नाही. एकदा जुनी शिल्लक चढली आणि तेरीज जुळली की पुढचं सगळं सिस्टीमच करते. कर्ज वाटप टाकलं की हप्ता, व्याज, येणे बाकी सगळं दिसतं. तुम्ही दिवस उघडणं, दिवस बंद करणं, पावती फाडणं आणि अहवाल काढणं एवढं शिका. आठ दिवसांचं काम आहे. तेरीज जुळली म्हणजे संस्था स्वच्छ.

आडवी_तेरीज

पोऱ्याचं शेवटचं वाक्य सोडून बाकी बरोबर आहे. त्या शेवटच्या वाक्यात मात्र किर्दवाल्यांची तीन वर्षं अडकू शकतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझं काम सोसायट्यांच्या लेखापरीक्षणाचं आहे.

तेरीज जुळली याचा अर्थ एवढाच की नावे आणि जमा सारखे झाले. ते सारखे करायला जुन्या खात्यांत काय केलं गेलं, हे तेरीज सांगत नाही. किर्दवाले, एका संस्थेचे तीन आकडे इथं टाका. कट-ऑफ तारखेला सभासदांकडून येणे मुद्दल किती, बँकेच्या उताऱ्याप्रमाणे संस्थेचं बँकेला देणे मुद्दल किती, आणि तुमच्या वहीप्रमाणे तेच देणे किती. मग सॉफ्टवेअरमधल्या सुरुवातीच्या शिलकांत "अनामत", "तफावत", "सस्पेन्स" असल्या नावाचं एखादं खातं आहे का ते बघा.

किर्दवाला

काढले. एका संस्थेचे, 31 मार्च 2025 चे.

सभासदांकडून येणे मुद्दल 92,40,000.
बँकेच्या उताऱ्याप्रमाणे देणे 1,01,15,000.
माझ्या वहीप्रमाणे देणे 95,50,000.
सस्पेन्स नावाचं खातं आहे, त्यात 5,65,000 नावे. हे मी टाकलेलं नाही.

पारावरचा

5,65,000 नावे. कुणाच्या नावे, तेवढं बोला की.

डेटावाला_पोऱ्या

ते आम्हीच टाकतो. बँकेचं देणं बँकेच्या उताऱ्याप्रमाणं भरायचं असं सांगितलेलं असतं. वहीत कमी असलं की तेरीज जुळत नाही, म्हणून फरक सस्पेन्सला. म्हणजे या संस्थेची अनिष्ट तफावत 5,65,000 आहे.

आडवी_तेरीज

नाही. अनिष्ट तफावत आहे 8,75,000. बँकेचं 1,01,15,000 मधून सभासदांचं 92,40,000 वजा करा. म्हणजे उद्या सगळ्या सभासदांनी पै न् पै मुद्दल भरलं तरी बँकेचं पावणेनऊ लाख मुद्दल अंगावर राहणार.

या पावणेनऊ लाखाचे दोन तुकडे आहेत आणि दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत. पहिला 3,10,000, म्हणजे वहीतलं 95,50,000 वजा 92,40,000. हा वहीतच उघडा दिसतो. सभासदाकडून आलेलं मुद्दल पुरतं बँकेत न जाता पगार, स्टेशनरी, भाडं यांत गेलं. तो खर्च रीतसर नफातोट्यात पडला, संचित तोट्यात बसला. त्यानं तेरीज बिघडत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला त्यात काही खटकत नाही.

दुसरा 5,65,000, तोच सस्पेन्समध्ये गेला. इथं तुमची वही आणि बँकेचं पुस्तक एकमेकांशी बोलत नाहीत. याची नेहमीची कारणं दोन. सभासदानं 50,000 भरले, तुम्ही ते त्याच्या मुद्दलात जमा केले आणि बँकेच्या मुद्दलातही भरणा दाखवला. बँकेनं मात्र आधी आपलं थकलेलं व्याज कापून घेतलं आणि उरलेलं मुद्दलाला लावलं. रक्कम दोन्हीकडं तीच, वाटणी वेगळी. दुसरं कारण नाजूक आहे. किर्दीत भरणा पडलेला असतो, पण बँकेच्या उताऱ्यात त्या तारखेच्या पुढंमागं तशी रक्कमच नसते. म्हणजे पैसा बँकेत पोचलाच नाही.

सॉफ्टवेअरला हे दोन्ही सारखेच दिसतात: एक ओळ, 5,65,000. त्यातलं व्याजातलं कुठलं आणि न पोचलेलं कुठलं हे फक्त पावती पुस्तक, भरणा चलन आणि बँक उतारा तीन शेजारी ठेवून कळतं. आणि ते जुन्या सचिवाचं अक्षर ज्याला लागतं, त्यालाच जमतं.

मांजराकाठचा_शेतकरी

माझा एक प्रश्न घ्या. 2019 च्या महात्मा फुले कर्जमुक्तीत माझं नाव आलं, अंगठा लावला, आधार प्रमाणीकरण झालं. आता नवीन मशीनमध्ये माझ्या नावावर 11,400 बाकी दाखवतंय. बेबाकी मागितली तर मुलगा म्हणतो सिस्टीममध्ये आहे म्हणजे आहे. आम्ही कुणाकडं जावं?

आडवी_तेरीज

दादा, तुमचं थोडं वेगळं आहे, पण या धाग्यातच बसतं. त्या योजनेत 30 सप्टेंबर 2019 ची थकबाकी धरली होती. प्रमाणीकरण होऊन रक्कम खात्यात जमा व्हायला वेळ गेला. मधल्या काळाचं व्याज काही वह्यांत उभंच राहिलं असेल, तर नवीन शिलकेत तेच चढतं. सोसायटीकडून तुमच्या खात्याचा 2019 पासूनचा हाताचा खतावणी उतारा मागा आणि प्रमाणीकरणाची पावती त्याला जोडा. "सिस्टीममध्ये आहे" हा पुरावा नव्हे, ती कुणीतरी भरलेली शिल्लक आहे.

पारावरचा

म्हणजे मशीन पण आमच्या आधीच्या चेअरमनसारखंच. विचारलं की म्हणतंय, कागदावर आहे.

उंबरठा_उत्पन्न

मी बँकेच्या बाजूनं लिहितो, तपासनीसाचं काम. आडवी तेरीज यांचं बरोबर, पण किर्दवाल्यांनी मागितलेली कडू माहिती कुणीच दिली नाही.

एका सचिवाकडं तीन संस्था असायचं कारण हाताचं काम हेच होतं. मार्च-एप्रिल व्याज काढण्यात, मे महिना ताळेबंदात, मग कर्ज मर्यादा पत्रक. यातलं पहिलं दोन गेलं की एक माणूस पाच-सहा संस्था बघू शकतो. सचिवांचा पगार संस्थांच्या वर्गणीतून निघतो आणि संस्था आधीच तोट्यात, म्हणून निवृत्त झालेल्याच्या जागी नवा माणूस घेण्याची घाई कुणालाच नाही. कुणाला काढत नाहीत, पण भरतही नाहीत. 55 वयाच्या माणसाला नोकरीची भीती कमी आणि सह्यांची भीती जास्त असायला हवी.

किर्दवाला

सह्यांची म्हणजे?

उंबरठा_उत्पन्न

दिवस बंद करताना कुणाचं लॉगिन वापरतात?

किर्दवाला

माझंच. पासवर्ड त्या मुलाकडं आहे. मला टाइप करायला वेळ लागतो म्हणून.

उंबरठा_उत्पन्न

हेच ते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला वापरकर्त्याचं नाव, तारीख, वेळ चिकटते. सस्पेन्सचे 5,65,000 तुमच्या लॉगिननं पडले असतील तर कागदावर ते तुम्हीच टाकले. उद्या लेखापरीक्षक विचारणार तो तुम्हाला, मुलाला नाही. त्याची मुदत संपली की तो दुसऱ्या जिल्ह्यात. आजच पासवर्ड बदला. नोंद त्यानं त्याच्या नावानं करावी, मंजूर तुम्ही करावी. वेळ लागला तर लागू द्या.

डेटावाला_पोऱ्या

हे खरं आहे. आमच्याकडंही सगळे सचिव पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात. एकानं तर मॉनिटरलाच चिकटवलाय. आणि वर कुंकू लावलंय.

आडवी_तेरीज

आता व्याजाकडं येतो, कारण "व्याज मशीन काढतं" हे मूळ पोस्टमधलंच वाक्य. मशीन गुणाकार चुकत नाही. चुकते ती वाटपाची तारीख. किर्दवाले, कर्जदारांची यादी काढा आणि वाटपाच्या तारखेनं लावा. एकाच तारखेला किती कर्जं पडली ते बघा.

किर्दवाला

212 कर्जदार. त्यातले 63 जण 01/04/2024 ला.

आडवी_तेरीज

एक एप्रिलला 63 जणांना खरीप पीक कर्ज कुणी वाटलं? आपल्याकडं वाटप मे-जूनमध्ये, मृगाच्या आगेमागे. खतावणीचं पान फाटलेलं किंवा तारीख लागत नसेल, तर रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून वर्षाचा पहिला दिवस टाकतात.

एक खातं करून दाखवतो. मुद्दल 1,00,000, खरं वाटप 20 जून 2024, दर हिशेबापुरता 6 टक्के. 31 मार्च 2025 पर्यंत 284 दिवस होतात, व्याज 4,668. तेच 1 एप्रिल 2024 धरलं तर 364 दिवस, व्याज 5,984. एका सभासदामागं 1,315 रुपये जास्त. 63 जणांचं सरासरी लाख-लाख धरलं आणि वाटप त्याच सुमारास झालेलं असलं, तर 80 हजारांच्या वर खोटं येणे व्याज ताळेबंदात चढलं. संस्थेचा तोटा तेवढा कमी दिसतो, म्हणून वर कुणी तक्रार करत नाही. तक्रार होते कलम 101 खाली वसुली दाखला काढला की. सभासद पावती घेऊन उभा राहतो आणि त्याची पावती खरी निघते.

खरी तारीख कशी शोधायची? वाटप रजिस्टर नसेल तर बँकेच्या उताऱ्यात संस्थेच्या खात्याला कर्जाची उचल कधी पडली ते बघा, सभासदाच्या बचत खात्यात जमा त्याच दोन-तीन दिवसांत असते. खताची परमिटं फाइलला असतील तर ती पण चालतात. 63 खाती, रोज सात-आठ, दीड आठवडा. हे काम पोऱ्याला देऊ नका. नावं त्याला ओळखू येणार नाहीत. एकाच वाडीत बापू, बापूराव आणि बापूसाहेब तिघं एकाच आडनावाचे असतात. त्यातल्या कुणाचा आठ-अ कुठला, हे आज तुम्हालाच माहीत आहे.

नांदेडची_लेक

एक विचारते. आता शेतकऱ्यांचे आयडी निघालेत, सातबारा जोडलेला असतो. मग नावाचा घोळ आपोआप सुटणार नाही का?

उंबरठा_उत्पन्न

नव्या कर्जाला बराच सुटेल. जुन्याला नाही. कर्ज बापाच्या नावावर, बाप वारला, जमीन तीन पोरांत वाटली, सातबाऱ्यावर फेर पडला, पण संस्थेत वारस नोंद नाही. आयडी तीन, कर्ज एक, तेही चौथ्या नावावर. ते कुणाच्या आयडीला जोडायचं हे संचालक मंडळाच्या ठरावानं ठरतं. मशीनमध्ये त्याला बटण नाही.

डेटावाला_पोऱ्या

आडवी तेरीज सर, मान्य. पण एक माझ्याही बाजूनं लिहा. आम्हाला एका संस्थेला ठरावीक दिवस असतात. सचिव खतावणी देतात आणि गावाला निघून जातात. तारीख विचारली की म्हणतात, टाक काहीतरी. मग आम्ही 01/04 टाकतो.

किर्दवाला

बरोबर आहे त्याचं. मीच म्हणालो होतो, टाक.

परंड्याचा_पाहुणा

आमच्याकडं वेगळाच त्रास आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. लाइट आणि नेट. आदला दिवस बंद केल्याशिवाय पुढचा उघडत नाही. नेट गेलं की दोन-दोन दिवस लटकतात. पावती हातानं द्यायची आणि नोंद नंतर. इतर दिवशी चालून जातं, पण 31 मार्चला?

उंबरठा_उत्पन्न

ह्या मुद्द्यावर सभासदाचं खरं नुकसान होतं. पीक कर्ज मुदतीत फेडलं तरच व्याजाची सवलत, केंद्राची आणि पंजाबराव देशमुख योजनेची. 31 मार्चला रात्री नऊला शेतकऱ्यानं पैसे भरले, हाताची पावती त्याच तारखेची, आणि नेट आलं 2 एप्रिलला. नोंद 2 एप्रिलची पडली तर तो थकबाकीदार दिसतो.

उपाय दोनच. एक, 31 मार्चचा दिवस उघडा ठेवायचा, म्हणजे 30 चा दिवस वेळेत बंद करून पुढचा उघडून घ्यायचा आणि 31 ला सगळ्या नोंदी होईपर्यंत बंद करायचा नाही. दोन, हाताच्या पावत्यांचा क्रमांक आणि रक्कम त्याच रात्री कागदावर लिहून चेअरमनची सही घ्यायची आणि सकाळी बँक शाखेला द्यायची. त्याला बँक किती मानते, हे शाखेप्रमाणं बदलतं. मी मानतो, सगळे मानत नाहीत.

परंड्याचा_पाहुणा

आमच्या शाखेत नाही मानत.

पारावरचा

मग बँकेला पण 31 मार्चला रात्री नऊला पारावर बोलवा, तिथं नेट लागतंय.

औशाची_आजी

मला एवढंच विचारायचंय, सस्पेन्स खातं काढून टाकलं की झालं ना? मशीनमध्ये पुसता येत असेल.

आडवी_तेरीज

पुसता येत नाही आणि येत असलं तरी पुसू नका. ते एका नोंदीनं शून्य होत नाही, तुकड्यातुकड्यानं होतं. जे व्याजातलं निघेल ते "बँकेस दिलेले व्याज" खर्ची टाकायचं आणि सस्पेन्स तेवढं कमी करायचं. त्याला संचालक मंडळाचा ठराव आणि लेखापरीक्षकाची संमती लागते. जे न पोचलेलं निघेल ते त्या वेळच्या माणसाच्या नावे येणे. ज्याचा माग लागत नाही ते तसंच ठेवायचं आणि तसं लिहून द्यायचं. किर्दवाले, सगळी वर्षं एकदम काढू नका. 2014 आणि 2015 च्या दुष्काळात व्याज थकलं, ते त्यानंतरच्या दोन वर्षांच्या भरण्यातून बँकेनं कापलं. तिथून सुरू करा.

(तीन आठवड्यांनी)

किर्दवाला

राम राम. 2015-16 आणि 2016-17 ची चलनं, पावत्या, उतारा लावून झालं. 5,65,000 पैकी 2,18,000 बँकेनं व्याजात घेतलेलं निघालं, चलनागणिक यादी केली. 42,000 चं एक चलन किर्दीत आहे, उताऱ्यात नाही. ते मी त्या संस्थेत यायच्या आधीचं आहे, अक्षर ओळखीचं आहे, इथं नाव लिहीत नाही. उरलेल्या 3,05,000 चा अजून माग नाही.

तारखांचं म्हणाल तर 63 पैकी 51 सापडल्या. बाराजणांच्या ना परमिटं ना रजिस्टर. पासवर्ड बदलला, दिवस मीच बंद करतो. वीस मिनिटं लागत होती, आता नऊ.

दोन प्रश्न राहिले. त्या बाराजणांची तारीख काय धरायची? आणि सुरुवातीच्या शिलकांच्या प्रमाणपत्रावर माझी सही मागताहेत, सस्पेन्स तसंच असताना. करू का?

उंबरठा_उत्पन्न

बाराजणांना सभासदाच्या सोयीची, म्हणजे उशिराची तारीख धरा. जास्तीचं व्याज मागून तोंडघशी पडण्यापेक्षा बरं.

आडवी_तेरीज

मी सहमत नाही. तारीख अंदाजानं धरायचीच नाही. त्या बाराजणांना बाकी कबुलीचं पत्र पाठवा, रक्कम आणि तारीख त्यांच्याच तोंडून येऊ द्या, सही किंवा अंगठा घ्या. जे देणार नाहीत त्यांचं मंडळापुढं.

सही करा, पण तिच्या वरच्या ओळीत सस्पेन्सची रक्कम, 2,18,000 ची यादी जोडल्याचा उल्लेख, 42,000 चं चलन क्रमांकासह आणि "उर्वरित 3,05,000 चा शोध चालू" असं हातानं लिहा. एक प्रत पोच घेऊन स्वतःकडं ठेवा. छापील मजकुरावर नुसती सही मागितली तर करू नका.

किर्दवाला

छापीलच आहे. वर जागा पण सोडलेली नाही.

डेटावाला_पोऱ्या

सर, मागच्या बाजूला लिहा आणि पुढं "मागे पहा" टाका. आमच्याकडं एकानं तसं दिलंय, घेतलं त्यांनी. आणि तुमच्या चलनांच्या यादीचा फोटो पाठवता का? माझ्याकडं चार संस्थांत असंच सस्पेन्स पडलंय. तुम्ही रकाने कसे आखले ते बघायचंय.

किर्दवाला

फोटोत दिसायचं नाही, पेन्सिलनं आखलंय. रविवारी कळंबला ये, पावती पुस्तकं काढून ठेवतो.